जुन्या घरावर मजला चढवायचाय? महापालिकेला द्यायच्या पत्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परवानाधारक अभियंता आहे. कृष्णाकाठच्या गावांत घरांचे नकाशे मंजुरीला घालणं हे माझं रोजचं काम. खालचे प्रश्न माझ्या टेबलासमोर बसून लोकांनी विचारलेले आहेत. उत्तरं मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्रासाठी आहेत. मुंबईची नियमावली वेगळी. बाकी बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे.

अर्ज ऑनलाइन जातो ना? मग पत्र कशाला?

अर्जाचा ठरलेला नमुना असतो आणि तो तुमचा वास्तुविशारद किंवा अभियंताच भरतो. नकाशा संगणकावर तपासला जातो. हे सगळं खरं आहे. पण नमुन्यातले रकाने नव्या इमारतीच्या हिशेबाने आखलेले असतात. तुमचं घर पंचेचाळीस वर्षांचं आहे, मागची ओसरी कधीतरी बंदिस्त केलीय, उतारा अजून वडिलांच्या नावावर आहे, असल्या गोष्टींना त्यात जागा नाही. ती जागा पत्रात असते. ते पीडीएफ करून अर्जासोबत चढवायचं आणि जमलं तर छापील प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्काही घ्यायचा.

पत्र वाचणारा कनिष्ठ अभियंता पहिल्यांदा काय शोधतो, हे कळलं की पत्र लिहिणं सोपं जातं. तुम्हाला वर किती खोल्या हव्यात, गॅलरी कुठे हवी, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तो दोनच गोष्टी शोधतो. आज उभं आहे ते घर परवानगीने बांधलेलं आहे का? आणि ते वरचं वजन पेलेल का? पत्राचे दोन तृतीयांश शब्द जुन्या घरावर खर्च करा. नव्या मजल्याला चार ओळी पुरतात.

पत्र कुणाच्या नावाने लिहायचं?

महानगरपालिका असेल तर मा. आयुक्त, आणि खाली ‘मार्फत’ म्हणून नगररचना विभागाचे सहायक संचालक किंवा बांधकाम परवानगी ज्या अधिकाऱ्याकडे असेल तो. नगरपरिषद असेल तर मुख्याधिकारी. नगरसेवकाच्या किंवा महापौरांच्या नावाने लिहिलेलं पत्र फायलीला लागत नाही, कारण परवानगी देणारं नियोजन प्राधिकरण ते नव्हेत.

‘दुरुस्ती’ म्हणून अर्ज केला तर लवकर होतं म्हणतात. खरं का?

गिलावा, फरशी, गळकं छप्पर होतं तसं पुन्हा घालणं ही दुरुस्ती. मजला चढवणं हे विकासकाम. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४४ खाली त्याचा अर्ज होतो आणि कलम ४५ खाली परवानगी मिळते किंवा नाकारली जाते. दुरुस्तीच्या कागदावर मजला चढवला तर तो कागद तुमच्याच विरुद्ध पुरावा ठरतो. परवानगी लागते हे तुम्हाला ठाऊक होतं, असा त्याचा अर्थ निघतो.

म्हणून विषयाच्या ओळीत आडपडदा ठेवू नका. ‘विद्यमान तळमजल्यावर पहिल्या मजल्याच्या वाढीव बांधकामास परवानगी मिळणेबाबत’ असं सरळ लिहा.

जुना मंजूर नकाशाच सापडत नाही. मग?

दहातल्या सहा जणांचं इथेच अडतं. वडील म्हणायचे कागद ट्रंकेत आहेत, आणि ट्रंकेत निघते लग्नाची पत्रिका नि रॉकेलचं कार्ड.

घरात शोधून थकलात की चार ठिकाणी बघा. पहिलं ठिकाण बँक. घरासाठी किंवा धंद्यासाठी कधी घर तारण ठेवलं असेल, तर तारणाच्या फायलीत मंजूर नकाशाची प्रत बहुधा असते. दुसरं, बिनशेती आदेश. जमीन बिनशेती करताना त्या काळी आदेशाबरोबर इमारतीचा किंवा रेखांकनाचा नकाशा जोडलेला असायचा आणि आदेशाची नक्कल महसुलाच्या अभिलेखात मिळू शकते. तिसरं, पालिकेचा अभिलेख कक्ष. तिथे नुसतं ‘नकाशा द्या’ म्हणून भागत नाही. सिटी सर्व्हे नंबर, त्या वेळच्या मालकाचं नाव आणि अंदाजे वर्ष द्या, म्हणजे जुनं परवानगी रजिस्टर उघडता येतं. तोंडी दाद लागली नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका. तीस दिवसांत लेखी उत्तर येतं आणि ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं आलं तरी तो कागद कामाचा आहे, पत्राला जोडता येतो. चौथं, कर विभागाची आकारणी नोंदवही. घराची पहिली आकारणी कोणत्या साली, किती क्षेत्रावर झाली ते तिच्यात दिसतं.

ही नोंद घराचं वय सांगते, त्याला अधिकृत ठरवत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. ‘आम्ही चाळीस वर्षं घरपट्टी भरतोय’ हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो. घरपट्टी अनधिकृत बांधकामालाही लागते. उलट महापालिका हद्दीत अनधिकृत बांधकामावर शास्ती लावायची तरतूदही कायद्यात आहे. तेव्हा कराची पावती ‘थकबाकी नाही’ एवढं दाखवण्यापुरती जोडा.

जुनी परवानगी कुठेच सापडली नाही, तर आधी आहे ते घर नियमित करून घ्यावं लागतं आणि मग मजल्याचं बोलता येतं. गुंठेवारीतला भूखंड असेल तर २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाखाली अर्ज होतो. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत आणली आहे.

मंजूर नकाशा आहे, पण घर त्याबरहुकूम नाही. लपवावं की सांगावं?

सांगावं. पाहणीला येणारा माणूस टेप घेऊनच येतो.

मागच्या एका फायलीचं उदाहरण देतो, आकड्यांसकट. भूखंड १८० चौ. मी., समोर साडेसात मीटरचा रस्ता, वस्ती दाट नव्हे. १९७६ साली तळमजला मंजूर झाला ८४ चौ. मीटरचा. मी मोजला तेव्हा भरला ९६. बारा मीटर कुठून आले? मागच्या दारी धुण्याची मोरी होती. तिच्यावर पत्रा आला, मग भिंत आली, मग एका दिवाळीला फरशी बसली आणि तिचं स्वयंपाकघर झालं. नकाशात मागे सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, पावणेदोन मीटर दाखवलेलं, जागेवर उरलेलं जेमतेम दोन फूट.

घरमालक काका म्हणाले, “अहो, बारा मीटरनं काय होतंय? वर चटई क्षेत्र शिल्लक आहेच की.” क्षेत्र शिल्लक होतंच. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ चटई क्षेत्र निर्देशांक १.१० धरला तर १८० मीटरच्या भूखंडावर १९८ मीटर बसतात. आहेत ते ९६ आणि वरचे ८४ मिळून १८० झाले असते. पण क्षेत्र शिल्लक असणं वेगळं आणि अंतर शिल्लक असणं वेगळं. दंड भरून क्षेत्र नियमित होऊ शकतं. सामासिक अंतरात बसलेली भिंत मात्र तिथेच राहते, म्हणून तिथे सूट मागणं अवघड जातं.

शेवटी काकूंनीच निकाल दिला. वर नवीन स्वयंपाकघर होणारच आहे, मग खालचं पाडा. नकाशात ती बारा मीटरची खोली पिवळ्या रेघांनी पाडावयाचं बांधकाम म्हणून दाखवली, वरचा मजला प्रस्तावित म्हणून लाल रंगात, आणि जुना तळमजला नुसत्या काळ्या रेषेत. पत्रातही तेच लिहिलं. पाहणीला आलेल्या अभियंत्याने पिवळ्या खोलीत उभं राहून पत्रातली ओळ वाचली नि पुढे गेला. ती ओळ नसती तर तिथेच त्रुटीपत्र निघालं असतं.

पत्राचा नमुना द्या.

त्याच फायलीतलं पत्र नावं-नंबर गाळून देतो. आपले आकडे घाला. वाक्यं मात्र फार फुलवू नका.

दिनांक : ………

प्रति,
मा. आयुक्त,
……… महानगरपालिका

मार्फत : मा. सहायक संचालक, नगररचना विभाग

विषय : सि. स. नं. ……… येथील विद्यमान तळमजल्यावर पहिल्या मजल्याच्या वाढीव निवासी बांधकामास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) बांधकाम परवानगी क्र. ………, दि. ………/१९७६. २) भोगवटा प्रमाणपत्र क्र. ………, दि. ………/१९७८.

महोदय,

वरील मिळकत माझ्या व माझ्या भावाच्या नावे असून मालमत्ता पत्रकावर तशी नोंद आहे. भूखंडाचे क्षेत्र मोजणी नकाशानुसार १८०.०० चौ. मी. आहे. सदर जागेवर संदर्भ १ अन्वये ८४.०० चौ. मी. क्षेत्राचा तळमजला मंजूर असून संदर्भ २ अन्वये त्याचा वापर सुरू आहे. बांधकाम भारवाहक विटांच्या भिंतींचे असून छत आरसीसी स्लॅबचे आहे.

मंजूर नकाशाव्यतिरिक्त मागील सामासिक अंतरात १२.०० चौ. मी. क्षेत्राची खोली आज अस्तित्वात आहे. ती पाडावयाची असून नकाशात पिवळ्या रंगाने दर्शविली आहे. वरील मजल्याचे काम सुरू करण्यापूर्वी सदर खोली स्वखर्चाने काढून घेण्याचे हमीपत्र सोबत जोडले आहे.

पहिल्या मजल्यावर ८४.०० चौ. मी. निवासी बांधकाम प्रस्तावित आहे. त्यानंतर एकूण क्षेत्र १६८.०० चौ. मी. होईल. अनुज्ञेय मूळ क्षेत्र १९८.०० चौ. मी. आहे. जिना घराच्या आतून घेतला असून कोणत्याही सामासिक अंतरात नवीन बांधकाम प्रस्तावित नाही.

विद्यमान पाया व भिंती यांची तपासणी परवानाधारक संरचना अभियंत्यांनी केली असून प्रस्तावित मजल्याचा भार पेलण्याबाबतचा त्यांचा अहवाल व प्रमाणपत्र सोबत आहे. अहवालात सुचविल्यानुसार पहिल्या मजल्याचे छत हलक्या पोलादी कैच्यांवर पत्र्याचे घेण्यात येईल.

तरी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चे कलम ४५ अन्वये परवानगी मिळावी, ही विनंती. छाननी शुल्क भरल्याची पावती सोबत आहे.

आपला विश्वासू,
(मिळकतधारकाची सही)
(सहधारकाची सही)

सोबत : मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा, संदर्भीय परवानगी व भोगवटा यांच्या प्रती, प्रस्तावित नकाशे, संरचना अहवाल व प्रमाणपत्र, हमीपत्र, सहधारकाचे संमतीपत्र, मालमत्ता कर पावती.

यात ‘कुटुंब मोठं झालं, मुलाचं लग्न ठरलंय’ असं काहीच नाही. लिहू नये का?

लिहिलं तरी बिघडत नाही, पण उपयोग शून्य. गरज हा परवानगीचा निकष नाही.

एक वाक्य मात्र चुकूनही लिहू नका : ‘आमचे घर फार जुने व जीर्ण झाले असून…’ लोक हे दया यावी म्हणून लिहितात. वाचणाऱ्याच्या हातात त्याने वेगळंच हत्यार जातं. पडायला झालेल्या इमारती काढून टाकण्याची नोटीस देण्याचा अधिकार महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ मध्ये आहे. घर जीर्ण आहे असं मालकच सहीनिशी लिहून देतो आणि त्याच पत्रात त्यावर मजला मागतो, यात अधिकाऱ्याने काय करायचं? घर जुनं असेल तर वर्ष लिहा. स्थिती काय आहे ते संरचना अभियंत्याला लिहू द्या.

‘भार पेलेल’ हे अभियंता कशावरून ठरवतो? प्रमाणपत्र तर हजार-दोन हजारांत मिळतं म्हणे.

मिळतं. त्या कागदावर सही असते, हिशेब नसतो. शंका आली तर अधिकारी हिशेब मागतो, आणि ते त्याने मागायलाच हवं.

त्याच घराचा हिशेब सोप्या भाषेत मांडतो. मधली नऊ इंची भिंत घ्या, जिच्यावर दोन्ही बाजूंच्या खोल्यांचा स्लॅब टेकलाय. या भिंतीच्या एक मीटर लांबीवर सव्वातीन मीटर रुंदीचा स्लॅब येतो. पाच इंची स्लॅब, त्यावरचा विटांचा कोबा आणि गच्चीवरच्या माणसांचा भार मिळून साधारण दोन टन. भिंतीचं स्वतःचं वजन, गिलावा धरून, दीड टन. जोत्याचं आणि पायाच्या दगडकामाचं एक टन. झाले साडेचार टन. पायाची रुंदी खड्डा घेऊन मोजली तेव्हा तीन फूट भरली, म्हणजे जमिनीवर दर चौरस मीटरला पाच टनांचा दाब. चाळीस वर्षं घर याच दाबावर उभं होतं आणि भिंतींना तडा नव्हता.

आता वर तशीच विटांची भिंत आणि तसाच स्लॅब घातला, तर आणखी साडेतीन टन येतात. दाब जातो नऊ टनांच्या घरात. जमीन काळी. पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. इथे आठ टनांच्या पुढे जायचं नाही, असं संरचना अभियंत्याने माती पाहून ठरवलं होतं. स्लॅबचा मजला बसत नव्हता. मग वरचा स्लॅब सोडून पोलादी कैच्या आणि पत्रा धरला. स्लॅबचे दोन टन अर्ध्या टनावर आले आणि दाब साडेसात टनांच्या आत राहिला. पत्रातलं ‘हलक्या पोलादी कैच्यांवर पत्र्याचे छत’ हे वाक्य तिथून आलं. वर पत्रा म्हटल्यावर काकांचा चेहरा उतरला होता. शेजाऱ्यांच्या माडीवर स्लॅब होता ना! पण शेजाऱ्यांनी मुळातच कॉलम-बीमचं घर बांधलं होतं.

या हिशेबाचा पाया म्हणजे तो खड्डा. भिंतीच्या कडेला पाच-सहा फूट खोल खड्डा घेऊन पाया किती रुंद, किती खोल आणि कशावर टेकलाय ते डोळ्यांनी पाहावं लागतं. ज्या अहवालात खड्ड्याचा उल्लेख नाही, फोटो नाही, पायाची रुंदी नाही, तो अहवाल घरात बसून लिहिलेला आहे असं समजा.

आमचं कॉलमचं घर आहे. गच्चीवर सळ्या सोडलेल्या आहेत. मग तर अडचण नाही?

सळ्या सोडलेल्या दिसल्या म्हणजे पाया दोन मजल्यांचा आहे, असं नाही. पूर्वी मिस्त्री सवयीनेच सोडायचे. कॉलमच्या तळाचा फुटिंग किती लांब-रुंद आहे हे जुन्या संरचना नकाशात नसेल तर एक-दोन कॉलमपाशी खणून बघावं लागतं. शिवाय तीस वर्षं ऊन-पाऊस खाल्लेली सळी गंजून बारीक झालेली असते. खवले काढून कॅलिपरने मोजली की बारा मिलीची सळी दहावर आलेली दिसते. ती जशीच्या तशी नव्या कॉलममध्ये धरता येत नाही. पत्रात ‘कॉलमच्या सळ्या यापूर्वीच सोडलेल्या आहेत’ हा युक्तिवाद नको, त्याऐवजी तपासणीचा अहवाल जोडा.

उतारा वडिलांच्या नावावर आहे आणि ते आता नाहीत.

आधी वारस नोंद. मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर जी नावं लागतील त्या सगळ्यांची सही पत्रावर किंवा संमतीपत्रावर लागते. बहिणींचीही. ‘ताईचं लग्न होऊन तीस वर्षं झाली, ती काय हिस्सा मागणार आहे थोडीच’ हे उत्तर फायलीत चालत नाही. ताई खरोखरच हक्क सोडणार असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्या. नसेल तर साधी संमती द्यायला तिला सांगा. मजल्याला हरकत नाही एवढंच ती लिहून देते, त्याने हिस्सा जात नाही. हा फरक नीट समजावून सांगितला की सही लवकर मिळते, असा माझा अनुभव आहे.

हरकतीचा अर्ज आला तर फाइल थांबते, आणि तो बहुधा घरातूनच येतो.

आमच्या भागात पुराचं पाणी येतं. सामान वर नेता यावं म्हणूनच मजला हवाय.

२०१९ नंतर हा प्रश्न फार वाढला. त्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं आणि एकमजली घरांतल्या लोकांना सगळं टाकून निघावं लागलं. कारण अगदी रास्त आहे. पण नियम कारणाला बघत नाही, रेषेला बघतो.

पाटबंधारे विभागाने आखलेल्या दोन पूररेषा असतात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हा मनाईचा पट्टा. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा, आणि इथे जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर असावी लागते. जुन्या घराचं जोतं तेवढं उंच नसतंच. म्हणून पूरपट्ट्यात असाल तर नकाशावर पैसा घालण्याआधी झोन दाखला आणि भाग नकाशा काढा आणि आपला सिटी सर्व्हे नंबर कोणत्या रेषेच्या कुठल्या बाजूला पडतो ते लेखी घ्या. निळ्याच्या आत असलेल्या माणसाकडून मी नकाशाचे पैसे घेत नाही. आधी पाटबंधारे विभागाच्या ना-हरकतीला अर्ज टाकायला लावतो.

शुल्क किती पडेल?

शहर, जमिनीचा रेडी रेकनर दर आणि वाढीव क्षेत्र यांवर ते ठरतं. छाननी शुल्क अर्जाबरोबर भरावं लागतं. विकास शुल्क मागणीपत्र आल्यावर. मूळ निर्देशांकाच्या वर क्षेत्र मागितलं तर अधिमूल्य. बांधकाम कामगारांसाठीचा एक टक्का उपकरही असतो. स्वतःच्या राहत्या घराचं काम कायद्यात ठरवलेल्या खर्चमर्यादेच्या आतलं असेल तर तो लागू होत नाही. तसं असल्यास खर्चाचा अंदाज जोडून पत्रातच नोंद करा, नाहीतर मागणीपत्रात तो हटकून येतो.

त्रुटीपत्र आलं. म्हणजे नाकारलं का?

नाही, म्हणजे कुणीतरी फाइल वाचली. उत्तर मुद्देवार, त्याच क्रमांकांनी द्या आणि प्रत्येक मुद्द्यासमोर कुठला कागद जोडला ते लिहा. अर्धी उत्तरं पाठवली की दुसरं त्रुटीपत्र येतं.

सर्वांत जास्त त्रुटी आकड्यांच्या मेळाच्या असतात. माझीच एक चूक सांगतो. एकदा पत्रात मालकाच्या तोंडचे ‘९५० चौरस फूट’ तसेच उतरवले आणि नकाशात होते ८४ चौ. मी., म्हणजे ९०४ फूट. पत्र आणि नकाशा यांत ४६ फुटांचा फरक पडला आणि त्यापायी तीन आठवडे गेले. तेव्हापासून पत्रात फूट लिहायचे नाहीत. सगळे आकडे चौरस मीटरमध्ये, दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत, आणि नकाशावरच्या क्षेत्र तक्त्यातूनच उचललेले.

साठ दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं धरायचं, असं ऐकलंय.

कलम ४५ मध्ये तशी तरतूद आहे, पण तिला दोन अटी आहेत आणि त्या कुणी सांगत नाही. साठ दिवस अर्जापासून, किंवा त्रुटीला तुम्ही दिलेल्या उत्तराच्या तारखेपासून, यातलं जे नंतरचं तिथून मोजतात. आणि मानीव परवानगी फक्त नियमात बसणाऱ्या नकाशालाच मिळते. सामासिक अंतर सोडलेलं नसेल तर साठ काय, सहाशे दिवस झाले तरी ते बांधकाम अनधिकृतच. त्या भरवशावर विटा उतरवून घेऊ नका. साठ दिवस उलटले की पोचपावत्यांच्या तारखा देऊन स्मरणपत्र द्या. बहुतेकदा त्याच्यानेच फाइल हलते.

लेखी नकार आला तर तो हातात पडल्यापासून चाळीस दिवसांत कलम ४७ खाली राज्य शासनाकडे अपील करता येतं. म्हणून नकाराचं पाकीटसुद्धा जपून ठेवा, त्यावर टपालाची तारीख असते.

मंजुरी मिळाली, पण पैसे जमायला दोन वर्षं लागतील. चालेल?

परवानगी एक वर्ष जिवंत असते. ते वर्ष संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज द्या. एकेक वर्ष करत जास्तीत जास्त तीन वर्षं वाढवून मिळते. एकदा मुदत संपू दिली की नवा अर्ज, नवं शुल्क, आणि मधल्या काळात नियम बदलले असतील तर नवे नियम. स्मरणपत्राइतकंच हे पत्रही छोटं असतं. परवानगीचा क्रमांक, तारीख, काम कुठवर आलंय आणि किती मुदत हवी, एवढंच.

पत्रात पाडायचं कबूल केलेलं बांधकाम मात्र पैशांची वाट बघत ठेवू नका. काकांच्या घरी वरच्या विटा चढायच्या आधी मागची खोली पाडली, फोटो काढले, आणि ‘हमीपत्राप्रमाणे १२.०० चौ. मी. बांधकाम काढून घेतले आहे’ असं दोन ओळींचं पत्र फोटोंसकट आवक करून घेतलं. वर्षभराने भोगवटा प्रमाणपत्रासाठी पाहणी झाली ती दुसऱ्याच अभियंत्याने, पहिल्यांची बदली झाली होती. नव्या माणसाने मागे जाऊन टेप लावला, पावणेदोन मीटर भरलं, फायलीतलं ते दोन ओळींचं पत्र उलटून बघितलं आणि जिना चढून वर गेला.